प्रकरण चारशे बारा: डोंगर विरुद्ध समुद्र

मी भांडकुदळ नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कचेरीत विचारलंत तर कुणीही उलटंच सांगेल. आमची कचेरी तडजोडीची. सामाईक भिंतीवरून, नळावरून, शेजाऱ्याच्या झाडाच्या फांदीवरून भांडणारी माणसं कोर्टात जाण्याआधी आमच्याकडे येतात आणि साहेब त्यांना टेबलाभोवती बसवून वाद मिटवतात. झालेली तडजोड मी टाइप करते. मग तो कागद मागच्या खोलीत जातो, तिथे एकटेच बसणारे रेकॉर्डवाले तो फायलीला लावतात. अकरा वर्षांत चारशे अकरा वाद आले आणि चारशे अकरा मिटले. साहेबांनी हा आकडा दाराशी फळ्यावर लिहून ठेवलाय.

या रेकॉर्डवाल्यांशी माझं दोन वर्षं भांडण चाललं होतं. डोंगर बरा की समुद्र, यावरून.

सुरुवात साधीच झाली. मी नवीन होते, कागद द्यायला मागच्या खोलीत गेले, तर कपाटाच्या दारावर डोंगराचा एक फोटो. मी म्हटलं, "यात काय बघायचं? नुसते दगड."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग बघायचं काय असतं?"

"समुद्र!"

आता खरं सांगू? समुद्राशी माझं काडीचं देणंघेणं नव्हतं. आयुष्यात एकदा गेले होते, होडीत बसले आणि किनारा येईपर्यंत उलट्या केल्या. पण डोंगर त्यांनी आधीच घेतला होता. मला दुसरं काय उरलं होतं?

असं भांडण कुणी शिकवत नाही, पण त्याची रीत दोघांनाही बरोबर कळते. बोलायचं डोंगराबद्दल आणि नेम धरायचा समोरच्यावर. ते म्हणायचे, "तुमचा समुद्र एका जागी राहून दिवसभर येरझारा घालतो. कागद तपासताना तुम्ही घालता तशा." मला राग आला, आणि मग घरी जाताना लक्षात आलं, की मी येरझारा घालते हे यांनी पाहिलंय! दुसऱ्या दिवशी मी सव्याज परत केलं. "डोंगरवाल्यांना वाटतं, आपण हलायचं नाही आणि जगाने धापा टाकत आपल्याकडे यावं. म्हणूनच तुम्ही कधी पुढच्या खोलीत येत नाही." त्या दिवसापासून ते रोज अकरा वाजता पुढच्या खोलीत यायला लागले. हातात रिकामी फाइल असायची.

"दोन्ही आपापल्या जागी चांगले" हे वाक्य मात्र कुणी उच्चारायचं नाही. ते म्हटलं की खेळ खलास. पुरावे जितके अचाट तितके चांगले. एकदा त्यांनी मिठाचा डबाच आणला आणि म्हणाले, समुद्राच्या अंगात एवढाच गुण आहे, तोही चिमूटभरच चालतो.

आणि लागेल असं काही तोंडून निघालं, तर लगेच आपल्या बाजूचं काहीतरी सोडायचं. एकदा आम्ही मांजर की कुत्रा यावर घसरलो होतो. मी मांजराच्या बाजूने. हाक मारली म्हणून येत नाही ते, स्वतःच्या मनाने येतं, म्हणून त्याच्या येण्याला किंमत. ते म्हणाले, "मला कुत्रा. दार उघडल्यावर कुणाला तरी आनंद झालेला बघायचा असतो." मी फटकन म्हटलं, "ज्याला माणसं मिळत नाहीत तो कुत्रा पाळतो!" त्यांचा चेहरा एकदम उतरला. एकटेच राहतात ते, आई गेल्यापासून. माझी जीभ झडली का नाही तेव्हा! मी घाईघाईने म्हटलं, "पण शेपटीच्या बाबतीत कुत्रा जास्त प्रामाणिक, हे मान्य." ते म्हणाले, "लेखी द्या." मी टाइप करून दिलं. तो कागद त्यांनी फायलीला लावला.

त्या रात्री जेवताना मी ताईला म्हटलं, "मला तो माणूस आवडतो." थोरली बहीण माझी, तोंडाने माझ्याहून फटकळ.

"मग सांग की त्याला."

"आणि तो हसला तर?"

"हसला तर दात दिसतील. कसे आहेत ते तरी कळेल."

मी काही सांगितलं नाही. रोज अकराला भांडण मिळत होतं, ते घालवायची माझी छाती नव्हती.

मग एक दिवस दोघे भाऊ आले. सामाईक भिंतीवरून वीस वर्षं अबोला असलेले. साहेब त्यांना समजावत होते आणि पलीकडे आमचं रंगात आलं होतं. "तुम्ही दगड आहात म्हणून तुम्हाला दगड आवडतात!" मी ओरडले. रेकॉर्डवाल्यांनी टेबलावर थाप मारली. "आणि तुम्हाला भरती-ओहोटीशिवाय येतं काय?" थोरला भाऊ दबक्या आवाजात साहेबांना म्हणाला, "आमचं राहू द्या हो. आधी आत कुणाचा मुडदा पडतोय ते बघा." दोघे भाऊ एकमेकांना धरून बाहेर पडले आणि भिंतीचं भांडण त्यांनी आपलं आपणच मिटवलं.

साहेबांना धक्का बसला. आपल्याच छताखाली दोन वर्षांचा वाद, आणि आपल्याला पत्ता नाही! त्यांनी तिथल्या तिथे नवी फाइल उघडली. प्रकरण चारशे बारा. पक्ष एक, रेकॉर्डवाले. पक्ष दोन, मी.

"साहेब, हे भांडण नाही हो," मी म्हटलं.

"प्रत्येक जण हेच म्हणतो," साहेब प्रेमाने म्हणाले.

साहेब माणूस सोन्यासारखा, पण एकदा हातात घेतलं की सोडत नाही. आधी प्रत्येकाची वेगळी बैठक. मला समोर बसवून, पाण्याचा पेला पुढे करून म्हणाले, "मागणीच्या खाली नेहमी एक गरज असते, बाई. तुम्हाला खरंच काय हवंय?" उत्तर ओठांवर आलं होतं. मी पेला रिकामा केला आणि म्हटलं, "समुद्र. समुद्र म्हणजे माझा जीव की प्राण." साहेबांनी ते लिहून घेतलं. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग एकत्र बैठक. यात साहेबांचा एक नियम असतो. आपलं बोलायचं नाही, समोरच्याची बाजू मांडायची, आणि समोरच्याने "हो, हेच" म्हणेपर्यंत मांडत राहायची. आधी माझी पाळी.

मी म्हटलं, "यांना डोंगर आवडतो, कारण वर पोचेपर्यंत बोलावं लागत नाही. लहानपणी वडिलांबरोबर जायचे. वडील पुढे, हे मागे, आणि प्रत्येक वळणावर वडील वळून बघायचे, पोरगं येतंय का. यांना शिखराचं काही नाही. कुणीतरी वळून बघतं, ते यांना आवडतं." एवढं यांनी मला एका दमात कधीच सांगितलं नव्हतं. वादावादीत तुकड्या-तुकड्याने निसटलेलं मी वेचून ठेवलं होतं.

"हो," ते म्हणाले, "हेच."

मग त्यांनी माझी बाजू मांडली. "बाईंना बंद खोली सोसत नाही. खिडकीजवळची खुर्ची मिळाली नाही तर त्या दिवशी टायपिंगमध्ये चुका होतात. भांडण झाल्यावर दहा मिनिटांत विसरतात, पण समोरचा विसरला की नाही हे बघायला तीनदा येतात. समुद्र असाच. परत परत येतो." पुढे थोडं चाचरत म्हणाले, "तो परत येणं थांबवील, अशी मला भीती वाटते."

मी होकाराची मान हलवली.

"वा!" साहेब उठून उभेच राहिले. डोळ्यांत पाणी. "अकरा वर्षांत इतकी पूर्ण समज मी पाहिली नाही! मिटलं की हो!"

आणि त्यांनी तोडगा काढला. दोन्ही पक्षांची गरज शंभर टक्के भागवणारा. आमच्या कचेरीची एक शाखा डोंगरात आहे, एक समुद्रकाठी. दोन्हीकडे जागा रिकामी. पक्ष एक डोंगरात जाईल, पक्ष दोन समुद्राला. दोघांमध्ये दोन दिवसांचा प्रवास, म्हणजे वाद पुन्हा उद्भवायला नको. वरच्या कचेरीशी त्यांचं फोनवर बोलणंसुद्धा झालं होतं. "उद्या सही," साहेब म्हणाले, आणि दाराशी जाऊन फळ्यावरचा आकडा पुसून आले.

तडजोड टाइप कुणी करायची? मीच. स्वतःच्या हाताने स्वतःची बदली टाइप केली. रेकॉर्डवाले अकराला आले नाहीत. मीही मागे गेले नाही. वाद मिटलेल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं काय? आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता. त्यांनी अडवावं म्हणून मी वाट बघत होते, आणि ते कशाच्या तोंडाने अडवणार? दोन वर्षं डोंगर डोंगर केलेला माणूस "मला डोंगरात नको" म्हणेल कसा? आणि मी तरी कुठल्या तोंडाने? साहेबांच्या वहीत माझा जीव की प्राण लिहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद मोठ्याने वाचला. पेन माझ्यापुढे ठेवलं. "कुणाला काही म्हणायचंय?" हे ते नेहमीच विचारतात, आणि कुणी कधी काही म्हणत नाही.

"मला म्हणायचंय," मी म्हटलं. आवाज फाटला, पण थांबले नाही. "मी खोटं बोलले. समुद्र मला अजिबात आवडत नाही. तिथे मला उलट्या होतात. मला यांच्याशी भांडायला आवडतं. अकरा वाजायची मी वाट बघते. यांनी उद्या डोंगर सोडून भोपळा धरला तर मी दुधीच्या बाजूने भांडेन. एवढीच माझी गरज आहे, साहेब, आणि ती दोन दिवसांच्या प्रवासावरून भागणार नाही."

मी हरले होते. दोन वर्षांचा माझा समुद्र मी स्वतःच बुडवला होता, आता ते हसले असते तरी चाललं असतं.

ते हसले नाहीत. म्हणाले, "साहेब, मला डोंगर खरोखर आवडतात. मी खोटं बोललो नाही." मी पेन उचललं. "पण तिथे 'यात काय बघायचं' असं विचारणारं कुणी नसेल, तर मी तिथे बसून करू काय? सही करत नाही."

साहेब हळूच खुर्चीत टेकले. "म्हणजे वाद मिटवायचा नाही?"

"नाही," आम्ही दोघे म्हणालो.

बिचारे साहेब! तडजोड झाली नाही, यासाठी आमच्याकडे छापील नमुनाच नव्हता. कधी लागलाच नव्हता. शेवटी त्यांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःच रकाने आखले. पक्षांची नावं. वादाचा विषय. न मिटण्याचं कारण, तिथे त्यांनी बराच विचार करून "परस्पर संमती" लिहिलं. मग शेवटच्या रकान्याशी अडले.

"वाद अजून किती काळ चालण्याची शक्यता आहे? काहीतरी लिहावं लागेल. वरून विचारतील."

रेकॉर्डवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जन्मभर लिहा. बाईंची हरकत नसेल तर."

माझे कान तापले. साहेब पेन धरून माझ्याकडे बघत राहिले.

"हरकत आहे!" मी म्हटलं. "हरकत तर राहणारच. लिहा, साहेब, पक्ष दोनची सक्त हरकत." आणि साहेबांच्या हातातून पेन ओढून घेऊन मी त्याखाली सही केली.