नंबर तोच, जांभळा वेगळा

प्रेसमध्ये सगळे तिला वहिनी म्हणत. मशीनवाला म्हणे, बाइंडिंगवाल्या बायका म्हणत, आणि पत्रिका छापायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा दुसऱ्या खेपेला वहिनी म्हणायला लागे. एकट्या सासूबाई तिला "अगं ए" म्हणत, आणि प्रेस सासूबाईंचं असल्यामुळे "अगं ए" हेच तिचं अधिकृत पद होतं.

वहिनीकडे कॉम्प्युटरचं खातं होतं: गिऱ्हाइकाची फाइल उघडायची, चुका काढायच्या, रंग लावायचे, प्रूफ काढायचं. पण मशीनवरून पहिला चांगला कागद निघाला की त्यावर लाल पेन्सिलीने 'ओके' लिहून सही करायची, ती मात्र सासूबाईंनीच. ती सही झाल्याशिवाय मशीन पुढे धावत नसे. लाल पेन्सिल सासूबाईंच्या अंबाड्यात खोचलेली असायची, आणि घरातल्या तिजोरीची किल्ली एक वेळ दुसऱ्याच्या हाती गेली असती, पण ती पेन्सिल नाही.

म्हणून परवा सासूबाई चहा पिता पिता म्हणाल्या, "चिमीच्या कॅटलॉगची सही तू कर," तेव्हा वहिनीला ठसकाच लागला.

"मी?"

"तूच. रंग जमला तर इथून पुढच्या सगळ्या सह्या तुझ्या. नाही जमला तर रंगाला बाहेरून माणूस ठेवू. मी काय जन्मभर उभी राहणार आहे का त्या मशीनपाशी?"

वहिनीने मनात हिशोब केला. बाहेरून माणूस येणार म्हणजे आपण आयुष्यभर 'अगं ए'. शिवाय गिऱ्हाईक कोण, तर नणंद!

चिमी म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. डोळे तपासायचं शिक्षण घेतलेली, चार ठिकाणी नोकरी करून आता स्वतःचं चष्म्याचं दुकान टाकत होती. उद्घाटन पुढच्या रविवारी. त्यासाठी चष्म्यांच्या फ्रेमचा एक देखणा कॅटलॉग हवा होता, पानापानावर फोटो आणि प्रत्येक पानाला दुकानाच्या रंगाची रुंद पट्टी.

"रंग ठरलाय," चिमीने फोनवर सांगितलं होतं. "आपल्याच प्रेसमधल्या शेडबुकातून घेतलाय. नंबर लिहून घे." आणि तिने जांभळ्याचा नंबर सांगितला होता.

आता या नंबरातच मेख होती. शेडबुकातले रंग म्हणजे तयार शाया. डबा उघडला की जांभळा तो जांभळाच, शाईच मुळी त्या रंगाची. पण फोटोंचं काम चार रंगांत होतं. सायन, मॅजेंटा, येलो आणि ब्लॅक, या चौघांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी टाकून बाकीचा सगळा रंगसंसार उभा करायचा. प्रेसचं मशीनही चारच रंगांचं. पाचवी शाई घालायची तर सगळे कागद पुन्हा एकदा मशीनमधून काढावे लागले असते, आणि रविवार तेवढा लांब नव्हता. म्हणजे त्या जांभळ्याचा सर्वांत जवळचा भाऊ चार रंगांत शोधायचा. काही रंगांना असा भाऊ सख्खा मिळतो, काहींना चुलत. झळझळीत जांभळ्याला मिळतो तो फार लांबचा, लग्नात ओळख सांगावी लागते असा.

वहिनीने आपल्या खणातलं नवं शेडबुक काढलं. ते कायम डब्यात, डब्याला झाकण, वर खणाला कुलूप. या नव्या पुस्तकात प्रत्येक शाईच्या शेजारी तिचं चार रंगांतलं जवळचं रूप छापलेलं होतं आणि खाली टक्के. नंबरासमोरचा जांभळा डोळ्यांत भरणारा होता; शेजारचं चार रंगांतलं रूप त्याच्यापुढे जरा आजारी वाटत होतं. सायन सत्तर, मॅजेंटा नव्वद. वहिनीने तेच घेतलं, मग सायन थोडा कमी करून पाहिला, मॅजेंटा पुरता चढवून पाहिला, चकचकीत कागदावर सगळ्या पट्ट्यांचं प्रूफ काढलं आणि रंग मोजायचं यंत्र एकेका पट्टीवर टेकवलं. मूळ रंगापासून पट्टी किती लांब पडली हे ते यंत्र आकड्यात सांगतं. आकडा दोनच्या आत आला तर डोळ्याला फरक कळणं कठीण. इथे काही केल्या तो दहाच्या खाली उतरेना.

तिने त्यातल्या त्यात जवळची पट्टी निवडली आणि चिमीला बोलावून घेतलं. मनात सगळी तयारी केली होती: ती म्हणणार फिका झाला, मळका झाला, मेला झाला. मग आपण शांतपणे समजावायचं की बाई गं, चार रंगांची धाव एवढीच.

चिमी आली, पट्टीकडे बघितलं आणि म्हणाली, "ईऽऽ! किती भडक!"

"काय?"

"वहिनी, अगं चष्म्याचं दुकान आहे माझं, सर्कस नाही. माझा जांभळा शांत आहे. सोज्वळ. हा बघूनच डोळे दुखतायत. तुझाच नंबर तपासायला हवा बहुतेक, ये रविवारी."

वहिनीला राग आला. नंबर स्वतः द्यायचा आणि वर डोळे आमचे काढायचे! "तू दिलेल्या नंबराचाच आहे हा. पुस्तकाशी लावून बघ."

"मला पुस्तक नको दाखवू. भिंती रंगवून झाल्यात माझ्या दुकानाच्या. रंगाऱ्याने अगदी तंतोतंत रंग काढून दिलाय, त्याला जमलं आणि तुम्हाला नाही? प्रेसवाले ना तुम्ही?"

हे शेवटचं वाक्य सासूबाईंनी ऐकलं. त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल नुसती सारखी केली. वहिनीला वाटलं, झालं, आला बाहेरचा माणूस.

चिमी तणतणत गेल्यावर वहिनी पट्ट्यांकडे बघत बसली. ढोबळ मार्ग सोपा होता: रंग थोडा फिका करायचा, गिऱ्हाईक खूश. पण किती फिका आणि कशाच्या जवळ? आणि एक गोष्ट तिला गप्प बसू देईना. चार रंगांतलं रूप मूळ शाईपेक्षा मळकंच निघणार, भडक निघायची त्याची ताकदच नाही. नकलेला कुणी अस्सलपेक्षा भडक म्हणत असेल तर एकच अर्थ. तिने पाहिलेलं अस्सल हे नव्हेच.

मग चिमीने पाहिलं काय? "आपल्याच प्रेसमधल्या शेडबुकातून घेतलाय." पण नवं पुस्तक तर कुलपात. चिमीच्या हातात ते कधी गेलंच नव्हतं.

वहिनी ताडकन उठली आणि बाहेरच्या काउंटरवर गेली. तिथे काचेच्या मोठ्या खिडकीत जुनं शेडबुक उभं होतं. एका टोकाला खिळा मारलेल्या लांब पट्ट्यांचं ते पुस्तक सासूबाईंनी पंख्यासारखं छान उलगडून ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रेस दिसावं म्हणून. किती उन्हाळे ते तिथे होतं कोण जाणे. रोजची धूळ पुसणं व्हायचं, पण पुसताना पंखा कोणी मिटला नव्हता.

तिने पंखा मिटायला घेतला, तोच थबकली. जांभळ्याची पट्टी मोकळी केली तर एकाच चौकोनात दोन रंग! जो भाग वरच्या पट्टीखाली झाकलेला होता तो नव्या पुस्तकासारखा झळझळीत, आणि जो उघडा राहिला होता तो उन्हाने खाऊन खाऊन राखाडी, मवाळ झालेला. मधे तिरकी स्वच्छ रेघ. जांभळ्या शाया उन्हाला नाजूक असतात हे तिला ठाऊक होतं, पण इतक्या दिवसाढवळ्या पुरावा मिळेल असं वाटलं नव्हतं. चिमी आणि तिचा रंगारी या उघड्या भागाच्या प्रेमात पडले होते, आणि नंबर मात्र झाकलेल्या भागाचा दिला होता.

वहिनी इतक्या जोरात हसली की मशीनवाला काय झालं म्हणून बघायला आला.

पुढचं काम म्हणजे खेळ होता. उडालेला जांभळा चार रंगांच्या अगदी घरातला. तिने यंत्र त्या उघड्या भागावर टेकवलं, माप घेतलं आणि सायन पंचेचाळीस, मॅजेंटा साठ, येलो वीस असा रंग बांधून प्रूफ काढलं. थोडं इकडेतिकडे करताच आकडा दोनच्या आत आला. चुलत नाही, जुळा भाऊ मिळाला.

ती टक्के घेऊन सासूबाईंकडे धावली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडे वाचले. "येलो कशाला घातलास?"

"रंग जरा मारायला."

"येलो काढ, थोडा ब्लॅक दे. दिसायला तेच दिसेल. तीन रंग एकमेकांना तोलून धरायला लागले की मशीनवर एकाचीही शाई कमी-जास्त झाली तर पट्टी एका पानावर तांबूस, दुसऱ्यावर हिरवट. ब्लॅक गरीब असतो, फार हलत नाही."

वहिनीने येलो काढला, ब्लॅक दिला, पुन्हा मोजलं. आकडा जागचा हलला नाही, आणि सासूबाईंबद्दल तिच्या मनात एकदम माया दाटून आली. हे कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मशीनवरून पहिला चांगला कागद निघाला तेव्हा चिमी भिंतीच्या रंगात बुडवलेला पुठ्ठ्याचा तुकडाच घेऊन आली होती. रंग बघायच्या खास दिव्याखाली कागद ठेवला, पुठ्ठा शेजारी. मग दारापाशी उजेडात नेऊन पुन्हा. दोन्हीकडे जुळला.

"हाच!" चिमी ओरडली. "हाच माझा सोज्वळ! वहिनी, कसा काढलास गं?"

वहिनीने जुनं शेडबुक पुढे केलं. "हा बघ तुझा नंबर. ही रेघ. अलीकडचा तुझा, पलीकडचा पुस्तकाचा."

चिमीने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे मी उन्हाचा रंग पसंत केला! आई, तू तर रोज हे पुस्तक पुसतेस. तुला ही रेघ दिसली नाही?"

सासूबाईंनी पुस्तक हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, दिव्याखाली धरलं. "आहे हो. रेघ आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणता एवढी नाही. थोडं उन्नीस-बीस."

जांभळ्यातला तो झळझळीतपणा आणि ती राख, यांतलं अंतर मशीनवाल्याला लांबून दिसत होतं. चिमीचा चेहरा बदलला. ती आता मुलगी राहिली नव्हती, डोळे तपासणारी झाली होती. तिने आईची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि डोळ्यांत बघितलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून? सोड. वर्ष झालं असेल. सगळं जरा पिवळट दिसतं, निळ्या-जांभळ्याचं नीट कळत नाही." सासूबाईंनी हनुवटी सोडवून घेतली. "रडायला काय झालं गं तुम्हाला? मोतीबिंदूच असणार. काढतात तो. चिमे, तुझं पहिलं गिऱ्हाईक मीच."

वहिनीला सगळं एकदम कळलं. ही परीक्षा नव्हतीच. बाहेरच्या माणसाची भीती खोटी होती, निदान अर्धी तरी खोटी. सासूबाईंना सही करायची नव्हती असं नाही, रंग नीट दिसत नसल्यामुळे त्यांना ती करता येत नव्हती, आणि ते सांगणं त्यांना जड गेलं होतं. पण आता मशीन वाट बघत होतं.

सासूबाईंनी अंबाड्यातून पेन्सिल काढली आणि पुढे केली. "घ्या, वहिनी."

सगळ्यांच्या देखत, वहिनी! तिने पेन्सिल घेतली, कागदावर वाकली आणि 'ओके' लिहून खाली सही केली. मशीन सुरू झालं.

सासूबाई कागदाकडे बघून म्हणाल्या, "केवढं मोठं अक्षर काढलंस गं! अर्धा कागद भरलास."

"तुम्हाला दिसावं म्हणून," वहिनी म्हणाली.