आत माणूस असताना चाचणी नाही

ठमी आपली मुलगी नाही, असा संशय लिफ्टवाल्याच्या डोक्यात त्याच्या ताईने घातला आणि तो सात वर्षांच्या ठमीच्या कानांवरून घातला. "आपल्या सात पिढ्यांत असे कान नाहीत," ताई म्हणाली. सात पिढ्यांचे कान तिने कधी पाहिले, हे विचारायचं लिफ्टवाल्याला सुचलं नाही. त्याने थेट घटस्फोटाचा दावा लावला, ताईकडे राहायला गेला आणि ठमीच्या डीएनए चाचणीचा अर्जही ठोकला. चाचणीशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्याच्या लिफ्टदुरुस्तीच्या धंद्याची शिस्तच होती.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत न्यायाधीशबाई होत्या. सगळ्यांनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं. त्याने वर यंत्राच्या खोलीत जाऊन चाक हाताने फिरवलं आणि बाईंना मजल्यावर आणून सोडलं.

खुर्चीत बसल्यावर बाई म्हणाल्या, "अर्जदारांनी मला आत्ताच सोडवलंय. कुणाची हरकत असेल तर मी हे प्रकरण दुसरीकडे पाठवते."

"माझी नाही," बायको म्हणाली. "मलाही दोनदा सोडवलंय त्यांनी. तेवढ्याने त्यांची बाजू घ्यावीशी वाटत नाही, हे अनुभवाने सांगते."

बाईंनी ते नोंदवून घेतलं आणि लिफ्टवाल्याला विचारलं, "मूल पोटात राहिलं त्या काळात तुम्ही कुठे राहत होतात?"

"घरीच."

"बायकोबरोबर?"

"मॅडम, आमची एकच खोली. दुसरं जाणार कुठे?"

त्याच्या वकिलांनी डोळे मिटले. नवरा-बायको एकत्र राहत असताना, लग्नात झालेलं मूल कायदा नवऱ्याचंच धरतो. ते खोडायचं तर त्या काळात दोघांची भेट होणंच शक्य नव्हतं, असं दाखवावं लागतं. आणि अशिलाने तर एका खोलीचा नकाशाच उभा केला होता.

वकील सावरले. "पण मॅडम, सत्य शोधायचा हक्क माझ्या अशिलाला आहे. विज्ञान हाताशी असताना कानांवर किती दिवस भांडायचं?"

"माझी तयारी आहे," बायको मध्येच म्हणाली. "होऊनच जाऊ दे. यांचं तोंड तरी बंद होईल."

"तुमची तयारी पुरेशी नाही," बाई म्हणाल्या. "रक्त मुलीचं आहे. तिचं गुपित तुम्ही दोघं वाटून घेऊ शकत नाही. बायकोवर आरोप असेल तर साक्षीदार आणा, पुरावे आणा, मी अडवत नाही. त्यासाठी पोरीला टोचायची गरज नाही. तसं कारणही माझ्यापुढे आलेलं नाही."

लिफ्टवाला न राहवून उठला. "मॅडम, मी तर वजन टाकून पाहिल्याशिवाय लिफ्ट चालू करत नाही."

"कसलं वजन टाकता?"

"वाळूची पोती."

"माणसं का नाही टाकत?"

"वेडे आहात का—" वकिलांनी बाही ओढली. "म्हणजे, दोर तुटला तर? चाचणीच्या वेळी आत माणूस नको, हा पहिला नियम."

"इथे आत ठमी आहे," बाई म्हणाल्या. "अहवाल उलटा आला, तर शाळेत, घरात, तिच्या डोक्यात काय तुटेल? आणि तुम्ही काय कराल?"

लिफ्ट बंद पडली तर काय करायचं, हे लिफ्टवाला झोपेतही सांगू शकला असता. इथे मात्र हाताने फिरवायला चाक नव्हतं. अर्ज नामंजूर झाला.

बाहेर व्हरांड्यात ताईने त्याला कोपऱ्यात गाठलं. "अरे, तिचा पडलेला दात तुझ्याकडे आहे ना? त्या खासगी प्रयोगशाळेत गुपचूप नेऊन दे. कुणाला कळतंय!"

"कोर्टात टिकणार नाही," वकील म्हणाले. "आणि चोरीछुपे केलं तर तुम्हीच अडचणीत याल. त्यापेक्षा वरच्या कोर्टात अपील करू."

"कोर्टाचं जाऊ दे, मनाची शांती तर होईल!" ताई म्हणाली.

लिफ्टवाल्याने खिशातून फ्यूजची छोटी डबी काढली. आत कापसात दात होता. "बाबा, तुझ्याकडचं काही हरवत नाही, तू ठेव," असं सांगून ठमीने तो आठ दिवसांपूर्वीच्या भेटीत त्याच्या हातात दिला होता. त्याने डबी कानाशी धरून हलवली. दात वाजला. त्याने ती पुन्हा खिशात ठेवली आणि खिसा हाताने दाबून धरला.

"ताई, ही वस्तू माझ्याकडे ठेवायला दिलीय," तो म्हणाला. "आणि अपील नको, साहेब."

"आणि कान?" ताई कडाडली.

"राहू देत तिच्या डोक्याला."

बायको तेवढ्यात तिथे आली. "ठमीला दात शाळेत दाखवायचाय. द्या इकडे."

"मीच आणतो संध्याकाळी."

"दावा चालूच आहे हं."

"चालू दे की. दात आणायला त्याची आडकाठी आहे का?"

"येताना जिन्याने या," बायको म्हणाली. "आमची लिफ्ट परवापासून बंद आहे. कुणी लक्षच देत नाही."