गरम घडी

आमच्या लाँड्रीत एकच कायदा आहे आणि तो माझा आहे: गरम घडी घालायची नाही. ड्रायरमधून चादरी निघाल्या की आधी टेबलावर मोकळ्या पसरायच्या, तळहाताची मागची बाजू लावून बघायची, ऊब लागली तर हात मागे घ्यायचा. पलीकडच्या गल्लीतल्या एकाने हॉटेलचे तेलकट टॉवेल गरम असतानाच दाबून चळत लावली होती. ती चळत आतल्या आत धुमसली आणि सकाळी दुकानाच्या जागी काळा कोपरा राहिला. काडी कुणी लावली नव्हती. आपलीच धग आपल्याला पुरते, हे मी तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. पोरगा म्हणतो, "आई, तू हे लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा छापशील."

त्या दिवशी मीच कायदा मोडला. चादरीच्या बाबतीत नाही.

सून दुपारी कामाला लागली की कानात ते पांढरे खुंट घालायची. इअरबड म्हणतात. त्यांची एक गुळगुळीत डबी असते, खडूच्या पेटीएवढीसुद्धा नाही. तीत ठेवले की ते चार्ज होतात. खुंट घातले की ही बाई कुणाची नाही. हात चादरीवर, डोळे चादरीवर, ओठ हलताहेत आणि मी बोलावते तर भिंतीला बोलावल्यासारखं. मी तिला विचारलंही होतं, "माझ्याशी बोलायला तुला मशीनचा आवाज आड येतो, आणि फोनवर बोलायला येत नाही होय?" ती हसून म्हणाली, "आई, म्हणून तर कानात घालते." मला ते उलट उत्तर वाटलं. सुनेचं सरळ उत्तरसुद्धा मला एका बाजूने उलटंच दिसतं, तो माझा चष्मा आहे.

मग त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांच्या ढिगात लाल नॅपकिन गेलेला मला दिसला. मी ओरडले, पुन्हा ओरडले. हिने मशीनचं झाकण लावलं आणि बटण दाबलं. हॉस्पिटलच्या सगळ्या उशांचे अभ्रे गुलाबी होऊन बाहेर आले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चुकलं, आई." तिने तेवढंच म्हणून थांबायला नको होतं, असं मला वाटलं. का, ते आता सांगता येत नाही.

ती जेवायला घरात गेली. डबी खिडकीच्या कट्ट्यावर होती. मी ती उचलली आणि अंगणात उभ्या असलेल्या आमच्या व्हॅनमध्ये ठेवली, पुढच्या काचेखाली, काळ्या फळीवर. संध्याकाळपर्यंत शोधू दे, म्हटलं. पोरगा दुपारची फेरी संपवून आला होता. धुतलेल्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून आम्ही व्हॅनच्या काचा कायम घट्ट लावतो. वर ऊन असं, की स्टिअरिंगला हात लावताना पोरगा फडकं घेतो. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. माहीत होतं. डबीला ऊन लागेल असं मनात आलं नाही, एवढंच. मनात रागच होता, त्याला जागा पुरत नव्हती.

जेवून आल्यावर तिने कट्टा बघितला, टेबलाखाली बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी चादर झटकली. मग तिचा फोन वाजला. स्पीकर लावून उपयोग नाही, ड्रायर चालू असतो. म्हणून तिने फोन खांद्यावर दाबला, मान वाकडी केली आणि ओरडून बोलू लागली. पहिल्यांदाच मला ते बोलणं ऐकू आलं.

"आई, लांबट गोळी हाताला लागली का? ती नाही. गोल, मध्ये रेघ असलेली. नखाने बघ रेघ आहे का. आहे? ती घे. दुसरी बाजूला ठेव, रात्रीची आहे."

तिच्या आईला दिसायचं बंद झालंय, हे मला माहीत होतं. घरात ती एकटी असते हेही माहीत होतं. दुपारी ही तिला गोळी नखाने शोधायला लावते, हे मात्र ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. फोन खांद्यावरून घसरला, तिने तो पकडायला हातातली ओली चादर सोडली, आणि पलीकडून म्हातारी "हॅलो, हॅलो, बाळा" करत राहिली.

मी तेव्हाच उठून अंगणात जायला हवं होतं. मी चादरीची घडी पूर्ण केली आणि मग गेले.

व्हॅनचं दार उघडलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी वाफ आली. डबी उचलली आणि हात भाजून खाली टाकली. पदरात धरून पुन्हा उचलली. झाकण नीट बसत नव्हतं. डबीची एक बाजू पोट सुटल्यासारखी फुगली होती, शिवणीत फट पडली होती, आणि गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येत होता. आता काय, याचं उत्तर मी नेहमी एकच देते: गार करा. पसरून ठेवायला ती चादर नव्हती. मी ती घरात नेली आणि फ्रीजमध्ये भाज्यांच्या खाली सरकवली. चहा होईपर्यंत ठेवली. बाहेर काढली तेव्हा ती दगडासारखी गार होती, वरून दव सुटलं होतं. पदराने पुसली. फुगवटा थोडा दिसत होता, म्हणून अंगठ्याने दाबून झाकण लावलं. टक् असा आवाज झाला. मला वाटलं, झालं, पूर्वीसारखं झालं. डबी कट्ट्यावर पडद्यामागे ठेवली.

संध्याकाळी सुनेला ती सापडली.

"इथंच होती, आई. मी सगळं घर उलथंपालथं केलं आणि इथंच. माझंच लक्ष नसतं, तुम्ही बोलता ते खरं आहे."

माझं म्हणणं कुणी पहिल्यांदाच खरं म्हटलं आणि मला ते गिळता येईना.

पोरगा म्हणाला, "अगं, तुझी वस्तू तूच ठेवतेस, तूच विसरतेस आणि मग आईवर चिडतेस."

"मी चिडले नाही हो."

"चेहरा तसा होता."

तिने डबी उघडली. बड कानात घालून बघितले, दोन्ही बंद. "चार्जिंग संपलं असेल," असं पुटपुटत तिने डबीला वायर लावली आणि ती घडीच्या टेबलावर ठेवली. शेजारी उद्या न्यायच्या चादरींच्या चळती कमरेएवढ्या. तिने दिवा घालवायला हात वर केला. "चला, जेवून घेऊ."

दिवा जायच्या आत मला तो गोडसर वास पुन्हा आला. नाकाला नाही, बहुतेक मनालाच. पण त्या चळती दिसल्या, आणि पलीकडच्या गल्लीतला काळा कोपरा दिसला. मी पुढे होऊन वायर उपटली.

"काय करताय, आई?"

"ती व्हॅनमध्ये होती. दुपारभर. मी ठेवली होती."

पोरगा म्हणाला, "का?"

"राग आला होता म्हणून."

सुनेने डबीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मग कपडे उचलायचा लांब चिमटा घेतला, डबी हलकेच स्टीलच्या ताटात ठेवली, ताट चळतींपासून लांब, मोरीच्या फरशीवर नेऊन ठेवलं. मोबाइल दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्याला मी पेचकस म्हणते, कारण तो बोलताना माणसाला पिळतो. त्याला सगळं येतं आणि ते सगळ्या गावाला कळलं पाहिजे, असा त्याचा स्वभाव.

"वहिनी, फुगलीय का? मग चार्जिंगला लावायची नाही. लावली? काढली ना. आता हात लावू नका. उन्हात बंद गाडीत ठेवली की आतल्या बॅटरीत गॅस होतो, गॅसला जागा नसते, म्हणून पोट फुगतं. उन्हातून काढल्यावर सावलीत, फरशीवर, कपडा-कागद काही जवळ नाही अशा जागी आपोआप गार होऊ द्यायची. घाई नाही. पाण्यात नाही, फ्रीजमध्ये नाही. फ्रीजमध्ये ठेवली नाही ना कुणी?"

पोराने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मी ठेवली."

"कोण, मावशी? अहो मावशी, ते दही आहे का? आत दव धरतं, पाणी जातं सर्किटमध्ये. आणि वरून गार लागली म्हणजे बरी झाली असं नसतं. दाबली तर नाही ना? फुगलेली बॅटरी दाबली की आतले थर एकमेकांना चिकटतात आणि पेट घेते."

सून माझ्याकडे बघत होती. फोनकडे नाही. हे मात्र सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्या टक् आवाजाबद्दल कुणाला माहीत नव्हतं.

"अंगठ्याने दाबली," मी म्हणाले. "झाकण लागावं म्हणून."

या वेळी पेचकसने मला पिळलं नाही, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. "आज कुणी त्या मोरीत जाऊ नका," तो म्हणाला. "धूर दिसला तर बाहेर पडा आणि फायरब्रिगेडला फोन करा. उद्या मी डब्यात वाळू घेऊन येतो. कचऱ्यात टाकू नका."

पोराने चळती दुसऱ्या खोलीत हलवल्या. सून भाजी वाढत होती. माझ्या ताटात नेहमीएवढीच वाढली. कमी वाढली असती तरी चाललं असतं.

सकाळी पेचकस आला. डबी वाळूत घालून घेऊन गेला. बड बाहेरून धड दिसत होते, पण तेही गेलेलेच, म्हणाला. आतल्या इवल्या बॅटऱ्यांनाही तेवढंच ऊन लागलं होतं. तारेचा इअरफोन लावायला तिच्या फोनला भोक नाही. नवे मागवले, ते यायला वेळ लागणार.

दुपारी फोन वाजला. सुनेचे दोन्ही हात चादरीच्या दोन टोकांना, मान वाकडी करायला लागली. मी उठले, तिच्या खांद्यावरचा फोन घेतला आणि तिच्या कानाला धरला. ती चालली की मी बाजूने चालत होते, टेबलाच्या या टोकाला, त्या टोकाला.

"लांबट नाही, आई. रेघवाली."

पलीकडून म्हातारीचा आवाज माझ्याही कानी पडत होता. "आज तुझा आवाज जवळून येतोय गं. कानातले ते बड सापडले वाटतं?"

"नाही. बिघडले."

"कसे गं?"

तिने मान वळवून फोन कानाशी नीट घेतला.

"उन्हात राहिले," सून म्हणाली. "तू पाणी प्यायलीस का गोळीवर?"

मग फोन संपला. मी तो तिच्या खिशात ठेवला. ती चादरीची घडी घालायला लागली, आणि मी नेहमीसारखा हात उलटा करून चादरीवर ठेवला.

"गार आहे," ती म्हणाली. "मी बघितलंय."

मी हात काढून घेतला आणि दुसरं टोक धरलं.