अव्वांच्या यादीतला पाचवा

माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या सात रस्ता चौकाला ठाऊक आहे. गिऱ्हाईक म्हणतात, माजिदाबाईंचं काम गोड, तोंड तिखट. असू दे. सोलापुरात राहून तिखटाला काय घाबरायचं?

त्या दिवशी दुपारी सिद्धेश्वरी आली. ही चंद्रव्वांची सून. चंद्रव्वांचा कडक भाकरीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड, आत दहा-बारा बाया ज्वारीच्या भाकरी थापतात, कडक करून पुड्यात भरतात. बाया त्यांना अव्वा म्हणतात, मीही म्हणते. मी हे डीटीपीचं दुकान टाकलं तेव्हा पहिला महिना माशा मारत बसले होते. बाईच्या दुकानात कोण येतंय, असं ज्याला त्याला वाटायचं. तेव्हा अव्वा आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पुड्यावरचं लेबल कर. आन् चांगलं कर, मी चार जणींना सांगणार हाय." त्यांनी चार नाही, चाळीस जणींना सांगितलं. त्या बाईचे उपकार मी विसरले तर अल्ला मला माफ करणार नाही.

उन्हाळ्यात अव्वांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तेव्हापासून कारखाना सून बघते.

सिद्धेश्वरीनं मोबाईल पुढं केला. त्यात एक फोटो होता. अव्वांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली यादी, कारखान्याच्या भिंतीवर लावलेली, एक ते नऊ. नवीन बाई कामाला आली की अव्वा तिला आधी त्या यादीपुढं उभी करायच्या. मोठं ठसठशीत अक्षर. हात धुऊनच आत या. पीठ दोनदा चाळा. आठवा नंबर तर मला पाठच होता: भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा.

"पावसात शेड गळली, कागदाचा लगदा झाला," ती म्हणाली. "हा फोटो तेवढा राहिलाय. मोठा करून पाहिजे, लॅमिनेशन करून. फक्त त्यातला पाचवा नंबर काढायचा. पुढचे नंबर वर घ्यायचे, मधलं अंतर सारखं ठेवायचं. तितं काही होतं असं कुणाला कळता कामा नये."

मी पाचवा वाचला. 'पहिली भाकरी आधी मला दाखवा.'

माझं टाळकंच सरकलं. "वा गं वा! सासू अंथरुणाला खिळली न्हाय तोच तिला भिंतीवरनंबी पुसायला निघालीस व्हय?"

"भाभी, तसं न्हाय. आत्याबाईंनीच सांगितलंय."

"त्यांना बोलता कुठं येतंय?"

"थोडं येतंय आता. मी न्हाय म्हणत होते. तीन वेळा टाळलं." तिचे डोळे भरून आले. "अजून रोज पहिली भाकरी घरी त्यांना दाखवायला नेतोय. नागम्मा घेऊन जाते. ती परत येईस्तोवर बाया तशाच बसतात, मळलेलं पीठ चिरतं. दवाखान्यात होत्या तेव्हाबी तितं नेत होतो. आत्याबाई म्हणाल्या, काढून टाक. पण भाभी, नुसती रेघ मारली, न्हायतर टाईप करून लावलं, तर बाया काय म्हणतील? सासू पडली आन् सुनेनं हातपाय पसरले. मग माझं कोण ऐकंल? कारखाना बसंल माझ्या हातनं. अक्षर त्यांचंच पाहिजे, आन् कागद अख्खा दिसला पाहिजे."

रडणाऱ्या बाईवर माझा विश्वास लवकर बसत नाही. मी स्वतः कमी रडून कामं काढलेली नाहीत. "उद्या अव्वांना घेऊन ये," मी म्हणाले. "त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कागद देणार न्हाय."

"आणते," ती म्हणाली आणि निघून गेली. भांडली नाही, याचा मला आणखीनच राग आला.

तरी काम करून ठेवायला घेतलं. फोटो तिरका होता, तो आधी सरळ केला. मग अक्षरं कागदापासून वेगळी उचलली, आणि खाली राहिलेला कागद साफ केला, म्हणजे ओळ हलवली की जुन्या जागी अक्षराचं भूत दिसायला नको. तेलाचे डाग मात्र ठेवले. ते पुसले तर ती अव्वांची भिंत कशी वाटणार?

पाचवी ओळ काढली. आता नंबर. लोकांना वाटतं, सहाचा पाच करायचा, साताचा सहा करायचा, म्हणजे पुन्हा लिहायचं. टाईप केलेल्यात ते सोपं, पण अव्वांच्या हातचा पाच मी कुठून आणू? आणायची गरजच नव्हती. पाच तिथंच होता! नंबर हलवायचेच नाहीत, पुढचा मजकूर एकेक घर वर सरकवायचा. सहावी ओळ पाचापुढं आली, सातवी सहापुढं. सातवी तेवढी दोन ओळींची होती, भाकरी गार झाल्याशिवाय पुड्यात भरू नका वगैरे, म्हणून सात हा आकडा एक ओळ खाली न्यावा लागला. मग 'भांडायचं तर बाहेर' सातवर आली आणि 'जाताना गॅस बघा' आठवर. आकडे सगळे अव्वांचे, अक्षर अव्वांचं.

एक कच्ची प्रत काढून बघितली. सगळं जागेवर होतं, फक्त खाली एकटा नऊ लोंबकळत राहिला होता. लांब शेपटीचा, पुढं काही नाही. मजकूर वर गेला की शेवटचा आकडा असा पोरका राहतोच, आणि घाईत तो पुसायचा राहतोही. मी स्वतःला एक शिवी घातली, नऊ उडवला. त्यामुळं खाली एक ओळ रिकामी झाली, पान वर जड आणि खाली ओकंबोकं दिसायला लागलं. ती रिकामी जागा आठही कलमांमध्ये सारखी वाटून दिली, तेव्हा कुठं पान भरलं. दोन ओळींच्या कलमाच्या आतलं अंतर तसंच ठेवलं, नाहीतर तीच एक बाब दोन वाटली असती. पक्की प्रत छापली. खोटं कशाला बोलू, झकास झाली होती. आणि तिच्याकडं बघून मला रडू येत होतं, कारण अव्वा त्यातून खरंच गेल्यासारख्या वाटत होत्या.

दुसऱ्या दिवशी रिक्षा दारात थांबली. सिद्धेश्वरीनं अव्वांना काखेत धरून उतरवलं. पदर सावरला, ओठाच्या कोपऱ्यातली लाळ स्वतःच्या पदरानं पुसली, चप्पल पायात नीट बसवली. हे सगळं ती बोलता बोलता, न बघता करत होती. दाखवायला केलेलं काम मला ओळखू येतं. हे तसलं नव्हतं. अव्वांना तिनं त्याच जुन्या स्टुलावर बसवलं.

मी खाली बसले, त्यांचा डावा हात धरला. "अव्वा, पाचवा तुम्ही काढायला सांगितला?"

अव्वा वाकड्या तोंडानं हसल्या. "साकु," म्हणाल्या. कानडीत साकु म्हणजे पुरे. मग सुनेकडं बोट केलं आणि एकेक शब्द ओढून आणला. "हिचा हात... माझाच हात."

माझी मान खाली गेली. "सिद्धेश्वरी, मी काल फार बोलले गं," मी म्हणाले.

"आत्याबाईंसाठी कुणीतरी भांडलं, मला बरंच वाटलं," ती म्हणाली. आता या पोरीला काय म्हणावं!

मी पक्की प्रत पुढं ठेवली. अव्वांनी बोट ठेवत एक ते आठ वाचलं. मान डोलावली. पाचवा कुठं होता ते शोधलं, सापडला नाही, खूश झाल्या. मग त्यांचं लक्ष टेबलाच्या कडेला पडलेल्या कच्च्या प्रतीकडं गेलं. तो एकटा नऊ.

"ती चुकलेली हाय अव्वा, फाडायची राहिली," मी म्हणाले आणि उचलायला गेले. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मग बोटांनी हवेत लिहिल्यासारखं केलं.

मी पेन दिलं. सिद्धेश्वरीनं ती कच्ची प्रत दाबून धरली. डाव्या हातानं त्या बाईनं आयुष्यात कधी लिहिलेलं नव्हतं. अक्षर वाकडं, मोठं, अर्ध्या वाटेत ओळ वर चढायला लागली. मध्ये दमल्या, थांबल्या, सुनेनं पाणी पाजलं. पुन्हा सुरू. शेवटी पेन खाली ठेवलं आणि सुनेला म्हणाल्या, "वाच."

सिद्धेश्वरीचे डोळे भरले, तिला वाचता येईना. मग मीच वाचलं. "नऊ. अडलं तर सिद्धेश्वरीला विचारा."

त्या पोरीनं तिथंच सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. अव्वा डावा हात तिच्या केसांवरून फिरवत राहिल्या, आणि मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, कारण रस्त्यावरच्या लोकांना आमच्या घरच्या गोष्टी बघायचं कारण नव्हतं.

पक्की प्रत मी बाजूला टाकली. नऊ परत आला, म्हणजे वाटलेलं अंतर परत गोळा करायचं आलं, ओळी पुन्हा नऊच्या मापानं लावायच्या आल्या. केलं. अव्वांची डाव्या हाताची ओळ स्कॅन करून नवापुढं बसवली. ती सरळ करायला एक मिनिटही लागलं नसतं. मी नाही केली. वरच्या आठांत अंतर मापून सारखं, आणि नववी आपली तशीच वर चढत गेलेली.

लॅमिनेशन करून मी स्वतः कारखान्यात घेऊन गेले आणि स्वतः भिंतीला लावलं. पैशाचं नाव काढलंत तर भांडेन, असंही बजावलं. अव्वा दाराजवळ खुर्चीत बसल्या होत्या. बायांनी यादी वाचली. अक्षर कुणाचं हे विचारायची वेळच आली नाही. नागम्मा तिथली सगळ्यात जुनी बाई. तिनं नववा दोनदा वाचला आणि पदर डोळ्याला लावला.

मग तवे तापले. पहिली भाकरी कडक झाली तशी नागम्मा सवयीनं ती घेऊन खुर्चीकडं निघाली. अव्वांनी मान हलवली आणि भिंतीकडं बोट दाखवलं. नागम्मा वळली, भाकरी सिद्धेश्वरीपुढं धरली. सिद्धेश्वरीनं तुकडा मोडला आणि तीही सासूकडंच बघायला लागली. अव्वांनी मुद्दाम तोंड फिरवलं.

सिद्धेश्वरीनं तुकडा तोंडात टाकला. तिनं सावकाश चावला.

"नागम्मा," ती म्हणाली, "मीठ कमी पडलंय. पीठ परत मळा."

अव्वा तोंड न वळवताच हसल्या.