लिंबू पिळणाऱ्या हातातलं माणिक

घरात त्याला सगळे शंकासुर म्हणत. तीस वर्षं खडे कोंदणात बसवण्यात गेलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? समोर लाल दिसलं म्हणून ते माणिक आहे, एवढा भाबडेपणा त्याला परवडणाराच नव्हता.

शनिवारी दुपारी वहिनी त्याच्या कामाच्या खोलीत आली, पर्समधून डबी काढली आणि टेबलावर ठेवली. आत मोठा, लालबुंद खडा होता.

"तुमच्या दादांसाठी. उद्या रविवार, सूर्योदयाला अनामिकेत घालायचंय. सोन्याची अंगठी संध्याकाळपर्यंत करून द्या, भाऊजी. खड्याची खालची बाजू उघडी ठेवा, त्वचेला लागायला हवी."

"केवढ्याला?"

वहिनीने आकडा सांगितला. त्याने कपाळाला हात लावला. तापवलेलं नाही, रंग भरलेला नाही असं एवढं मोठं माणिक असतं, तर त्याच्या किमतीत दोन घरं आली असती. आणि वहिनीने सांगितलेल्या आकड्यात दादाचं वर्षभराचं औषध आलं असतं.

"कोणी सांगितलं हे?"

"ज्योतिषीबुवांनी. हृदयाचा कारक सूर्य, सूर्याचं रत्न माणिक."

"पत्रिका पाहिली?"

"नाही, आजार सांगितला."

"आणि खडा कुठून घेतला?"

"त्यांच्याच दुकानातून."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. ज्योतिषाशी त्याचं वैर नव्हतं, उलट पोटच त्यावर चालायचं. पण त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठवणारे जुने ज्योतिषी आधी पत्रिका मांडून बसत. त्या पत्रिकेला सूर्य चालत नसेल तर माणकाचं नावही काढत नसत, आणि चालत असेल, पण ऐपत नसेल तर तामडा घाला म्हणत, तोही लालच असतो आणि खिशाला झेपतो. खडा कुठून घ्यायचा ते मात्र कधीच सांगत नसत. इथे रोग सांगणारा, उपाय सांगणारा आणि गल्ल्यावर बसणारा एकच होता.

त्याने खडा चिमट्यात धरून भिंगाखाली घेतला आणि दिव्याखाली जरा तिरका केला. भेगेभेगेतून निळसर झाक चमकून गेली. आत बारीक बुडबुडे होते. हलक्या, तडकलेल्या दगडात शिशाची काच वितळवून भरली होती. दगड खरा, पण त्याला धरून ठेवलं होतं काचेने.

"या, बघा. ही निळी चमक दिसते ना? ती माणकाची नाही, आत भरलेल्या काचेची आहे."

वहिनीने भिंगाला डोळा लावला. तिचा चेहरा उजळला.

"अय्या, खरंच दिसते. ते म्हणालेच होते, आत निळी ज्योत दिसली की खडा जिवंत समजायचा."

तीस वर्षांत त्याला असा चितपट कोणी केला नव्हता. ज्या खुणेने खोट पकडायची, तीच खूण त्या माणसाने खरेपणाची म्हणून आधीच विकून ठेवली होती.

मग त्याने डबीतलं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. 'नैसर्गिक माणिक', वजन, सोनेरी शिक्का. तपासलं कोणी, कुठे, याचा पत्ता नाही. खड्यावर काही प्रक्रिया केली आहे का, ही ओळच नाही. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, सात दिवसांत परत, मात्र खडा अंगठीत बसवलेला नसावा.

"घेऊन किती दिवस झाले?"

"उद्या सात होतील."

"मग आजच्या आज परत करा. नाहीतर तपासायला देऊ. प्रयोगशाळा सोमवारी उघडेल, तोवर बसवायचा नाही."

"सोमवारी मुदत संपलेली असेल आणि मुहूर्तही," वहिनी म्हणाली. "भाऊजी, तुम्हाला आयुष्यात कुठली गोष्ट खरी वाटली आहे का? तुमच्या दादांनी तर गुरुवारपासून गोळ्याही थांबवल्यात. खडा अंगावर येताना शरीर औषधांपासून मोकळं हवं म्हणे."

दादाच्या हृदयात जाळी बसवून चारच महिने झाले होते. रक्त पातळ ठेवणारी ती गोळी एक दिवसही चुकवू नका, जाळीत गुठळी होईल, हे डॉक्टरने दोघा भावांना समोर बसवून सांगितलं होतं. त्याने ताबडतोब दादाला फोन लावला आणि ओरडूनच गोळी घ्यायला सांगितलं. दादाने ऐकून घेतलं आणि नेहमीच्या थोरल्या आवाजात म्हणाला, "तू अंगठी कर. बाकीचं मी बघतो."

म्हणजे खरं सांगून झालं, दाखवून झालं, ओरडूनही झालं. वैतागाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने ती गोष्ट केली, जिची त्याला पुढे दोन महिने लाज वाटत राहिली.

"ठीक आहे, करतो," त्याने वहिनीसमोरच फोनवर आवाज खाली आणून सांगितलं. "पण बसवणाऱ्याचाही एक नियम असतो. हृदयासाठी घातलेला खडा औषधाबरोबरच चालतो. गोळी चुकली की उलटतो. आज आत्ता गोळी घे, चुकलेल्या दिवसांबद्दल डॉक्टरला विचार, तरच मी कामाला हात लावतो."

"असं होय," दादा लगेच म्हणाला. "मग आधी नाही का सांगायचंस?"

अंगठी त्याने आधी पूर्ण घडवली, आम्लात उजळून घेतली आणि खडा अगदी शेवटी, थंड कोंदणात दाबून बसवला. तशा खड्याला आच किंवा आम्ल लागलं असतं तर तिथेच पितळ उघडं पडलं असतं. आपण एका लबाडीला सोन्यात मढवतो आहोत, हे त्याला हात चालवताना सारखं कळत होतं.

दोन महिन्यांनी दादा आणि वहिनी पेढ्यासारखे गोड चेहरे करून आले. तपासणीचे रिपोर्ट चांगले होते. दादाने बोट पुढे केलं. खड्याची एक बाजू पांढरी पडली होती, वर कोळिष्टकासारख्या रेघा उमटल्या होत्या.

"बघ, शंकासुरा. आजार ओढून घेतला यानं."

त्याला क्षणात उलगडा झाला. डॉक्टरने मीठ तोडल्यापासून दादा जेवताना प्रत्येक घासावर लिंबू पिळत होता, त्याच उजव्या हाताने. रोजच्या रसाने काच खाल्ली होती.

"बुवा म्हणाले, काम झालं," वहिनी म्हणाली. "आता याहून मोठा घ्यायचा."

"आणि आजारच खड्यात गेला," दादाने हसत विचारलं, "तर आता गोळ्या थांबवायला तुझ्या नियमाची हरकत नाही ना?"

पुन्हा तेच. आणि आता तर परवानगी त्याच्याकडेच मागत होते. आणखी एक नियम जिभेवर तयारच होता. तो रचायला त्याला अर्धा श्वासही लागला नसता.

"नियम वगैरे काही नाही, दादा. मी बनवला होता. तू माझं खरं ऐकेनास, म्हणून खोटं सांगितलं."

त्याने अंगठी मागून घेतली, वाटीत लिंबू पिळलं आणि लाल राहिलेली बाजू रसात बुडेल अशी तिरकी टेकवून वाटी वहिनीच्या हातात दिली.

"ही घरी न्या. उद्या या वेळेला ही बाजूही लिंबाने पांढरी पडते की नाही, तुमच्याच डोळ्यांनी बघा. बरं वाटलंय ते गोळ्यांनी वाटलंय."

दादाने वाटीकडे पाहिलंच नाही. तो धाकट्या भावाकडे पाहत होता.

"बुवा परका आहे," तो म्हणाला. "तू मला फसवलंस?"

दुसऱ्या दिवशी वहिनी एकटीच आली. तिने अंगठी टेबलावर ठेवली. खडा सगळीकडून पांढुरका झाला होता.

"मी बुवांकडे परत करायला गेले होते. ते म्हणतात, बसवणाऱ्यानं खराब केला."

"आणि दादा?"

"तुमच्याशी बोलायचं नाही म्हणालेत. तुमचं नाव काढलेलंही चालत नाही."

"ते राहू द्या, वहिनी. गोळी?"

वहिनीने मान खाली घातली. "हे रात्रभर वाटीजवळ बसून होते. सकाळी न सांगता उठले आणि घेतली."

दादा त्याच्याशी अजून बोलत नाही. बुवाच्या दुकानात गर्दी कमी झालेली नाही. मात्र रोज सकाळी, तो कामाला बसायच्या आधी, फोनवर वहिनीच्या नंबरावरून एकच शब्द येतो, 'घेतली'. वहिनी एरवी संदेश लिहिते ते ठिपके आणि फुलं टाकून. हा शब्द तसा नसतो, दादा बोलतो तसा असतो.