दोनशे मेसेजांची जागा

मंजुषाच्या ऑफिसात सगळे तिला 'मेसेजवाल्या मॅडम' म्हणत, आणि त्यात मानापेक्षा कीवच जास्त असायची. मेंढपाळांसाठी काम करणारी ही संस्था. चार हजार लोकांनी संस्थेचं ॲप घेतलं होतं. त्यांना लस, गारपीट, विजांचा इशारा असं सगळं चित्रांसकट जायचं. उरले सहाशे बटणफोनवाले. ते मंजुषाच्या वाट्याला आले होते.

"त्यांना ॲपवर आणा," विश्वजीत सर दर सोमवारी म्हणायचे. जणू ॲप म्हणजे शहाऐंशी पायऱ्यांची टेकडी आहे आणि म्हातारी माणसं केवळ आळसानं वर चढत नाहीत.

मध्यंतरी स्टार-हॅश दाबून उघडणाऱ्या मेनूचाही विचार झाला. इंटरनेट नको, एक दाबा, दोन दाबा, माहिती समोर. पण प्रत्येक मोबाईल कंपनीशी वेगळा करार करावा लागत होता. शिवाय अक्षर अक्षर जुळवत वाचणाऱ्याचं वाचून होईपर्यंत तो मेनू आपोआप बंद पडायचा. मग साधा मेसेजच बरा. फोन बंद असला तरी तो कंपनीकडे वाट बघत थांबतो, आणि आल्यावर कुठं पळून जात नाही.

मेसेजचा साचा आधी मोबाईल कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागे. रिकाम्या जागांत तारीख, वेळ, गाव तेवढं बदलायचं. मराठीत सत्तर खुणांच्या वर गेलं की एकाचे दोन मेसेज होत, आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जात. 'मेंढी लसीकरण 14 मे, सकाळी 8, चितेगाव पार. कळप आणा. काळजी घ्या.' यातलं 'काळजी घ्या' काढा, असं सर म्हणाले होते. मंजुषा एरवी वाद घालणारी बाई नव्हे. त्या दोन शब्दांसाठी मात्र ती भांडली आणि जिंकली. आपण का भांडलो, हे तिचं तिलाही नीट कळलं नव्हतं.

शहरात, गुलमंडीत एका कापड दुकानाच्या वर तिची भाड्याची खोली होती. आई गेली त्याला तीन वर्षं झाली, भाऊ पुण्याला. संध्याकाळी पाचला मेसेज सोडायचे आणि एकेका नंबरापुढे 'पोहोचला' उमटताना बघत बसायचं, हाच दिवसातला तिचा माणसांशी संबंध. सहाशे माणसं तिच्याकडून काहीतरी घेत होती आणि एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. या मेसेजांना उलट उत्तर देता येत नाही, तशी सोयच नसते.

मे महिन्यात घोळ झाला. डॉक्टरांची दुसरीकडे नेमणूक निघाली आणि चितेगावचं शिबिर चौदावरून बारा तारखेवर आलं. पावसाआधीची आंत्रविषाराची लस. ती चुकली की नव्या गवतावर तुटून पडलेली मेंढी रात्री धड असते आणि सकाळी पाय ताणून पडलेली सापडते. मागच्या वर्षी एका वस्तीवर अशी अकरा गेली होती.

दहा तारखेला तिनं बदललेली तारीख पाठवली. अकराला सकाळी यादी बघितली तर एक नंबर अडकलेला. मुंजाबा, मेंढ्या बत्तीस. कारण लिहिलं होतं, 'फोनची मेमरी भरलेली'. अठ्ठेचाळीस तास मेसेज वाट बघणार, मग रद्द. आदल्या आठवड्यातला चौदा तारखेचा मात्र व्यवस्थित पोहोचलेला. म्हणजे म्हातारा चौदालाच कळप घेऊन येणार आणि रिकाम्या पारासमोर उभा राहणार.

तिनं फोन लावला. वाजून वाजून थांबला. पाच वेळा लावला. मग तिनं कपाळाला हात लावला. 'अनोळखी नंबर उचलू नका, फसवणूक होते,' हा मेसेज गेल्या दिवाळीत तिनंच सगळ्यांना पाठवला होता. म्हातारा इमानानं तो पाळत होता.

"एक माणूस राहिला तर राहू द्या," सर म्हणाले.

"बत्तीस मेंढ्या आहेत, सर," ती म्हणाली आणि पर्स उचलून पैठण रोडची काळीपिवळी जीप गाठली.

चितेगावच्या कारखान्यांमागं दोन कोस चालल्यावर, चार वाजता, मुंजाबा सापडला. बाभळीखाली घोंगडी टाकून बसलेला, वस्तीत दुसरं कुणी नाही. पोरगं शेंद्र्याला कंपनीत लागलं आणि तिकडचंच झालं होतं.

"बाबा, लस उद्याच आहे. चौदाला नाही. सकाळी आठला या."

"तुमी कोन, बाई?"

"मेसेज पाठवते ती मी."

मुंजाबानं तिच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. मग लगबगीनं घोंगडीवरची धूळ झटकली. "बसा, माय. मला वाटायचं मशिनच पाठवतंय."

"तुमचा फोन भरलाय. जुने मेसेज काढायचे असतात. द्या, शिकवते."

"मला येतंय की," तो जरा दुखावून म्हणाला. "त्या रिचार्जच्या जाहिराती मी रोजच्या रोज पुसतो. काय ठेवायचं आन् काय पुसायचं ते मला कोन शिकवनार!"

तिनं फोन हातात घेतला. दोनशे मेसेजांची जागा, आणि दोनशेच्या दोनशे तिचे. दोन वर्षांची गारपीट, विजा, जंताचं औषध, लशी. दुसरं एकही नाव नव्हतं.

"कालपासनं वरती पाकीट लुकलुकतंय," मुंजाबा म्हणाला. "समजत व्हतं मला, कुनीतरी भायेर उभं हाय, जागा मागतंय. पन आत बसलेल्याला ऊठ कसं म्हनावं? पोरगं सनासुदीला फोन करतं. हे मात्र काळजी घ्या म्हनतं. एकदाबी चुकलं नाय. लई खेपा वाचलेत मी."

मंजुषाला आता कळलं. आपल्याच मेसेजांनी आपल्याच मेसेजची वाट अडवली होती, आणि यात रागवावं असा कुणीच नव्हता.

"बाबा, एक तरी काढावाच लागेल. उद्या विजा पडणार असल्या तर कसं कळणार?"

"मग तूच काढ. मी तिकडं तोंड करतो." आणि खरंच तो पाठ फिरवून मेंढ्यांकडं बघत बसला.

ती एकेक मेसेज खाली सरकवत गेली. कुठला कधी पाठवला ते तिला लख्ख आठवत होतं. दिवाळीच्या पाडव्याचा, ऑफिसात ती एकटीच होती तेव्हाचा. आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवसाचा, त्यात मेंढ्यांच्या खुरांबद्दल लिहिलेलं. तो एक क्षणभर धरून ठेवला आणि मग तोच पुसला.

फोननं लगेच टुंग केलं. बाहेर थांबलेला आत आला. मुंजाबा झटकन वळला, फोन हिसकावलाच म्हणा, आणि तिनं आधीच तोंडी सांगितलेली तारीख त्यानं बोट ठेवून मोठ्यांदा पहिल्यापासून वाचली.

"आला बघ!" तो हसला. पुढचे दात नव्हते. मग त्याची नजर तिच्या मोठ्या फोनवर गेली. त्यावर मघापासून एकामागून एक काहीतरी चमकत होतं. कपड्यांवर सूट, कर्जाची ऑफर, कुणाचा तरी सेल.

"तुझ्या फोनात लई येतंय गं. तुलाबी कुनी म्हनत असंल की, काळजी घे म्हनून?"

मंजुषानं फोन पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

"व्हय बाबा," ती म्हणाली, "लई जण." आणि शहराकडं जायला शेवटची गाडी किती वाजता आहे, ते विचारलं.