घशाच्या ऑपरेशनआधीचा आवाज

माझ्या घशातल्या गाठीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. आवाज परत येईल, पण हाच येईल याची खात्री डॉक्टर देईनात. वॉर्डात नव्या नर्सेस याच आठवड्यात रुजू होणार होत्या. त्यांना शिकवायचं काम माझं, आणि ते मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारणार नव्हते.

"कॉम्प्युटरवरच्या तुझ्या शिकवायच्या स्लाइड्सवर बोलून रेकॉर्ड करून टाक, त्याचाच व्हिडिओ काढू," नणंद म्हणाली. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर तीच सांभाळते. "एका वेळी एकच स्लाइड. मध्ये पाणी पी. चुकली तर तेवढीच पुन्हा करायची."

बंद दाराच्या स्टोअररूममध्ये पंखा बंद करून बसलो. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं, म्हणून मी मोजकंच बोलले. माझ्या आवडत्या गोष्टीसुद्धा गाळल्या. जीव तुटला, पण व्हिडिओ आटोपशीर झाला.

फाइल मात्र अवाढव्य. हॉस्पिटलच्या साइटनं ती घेतलीच नाही.

"हौसेनं सगळ्यात वरची क्वालिटी निवडलीस ना?" नणंदेनं कपाळावर हात मारला. "नुसती अक्षरं आणि चित्रं आहेत, ७२०ची क्वालिटी पुरे." पुन्हा एक्सपोर्ट केली. अक्षरं स्वच्छ दिसत होती आणि फाइल बसली.

मग ऐकली, आणि माझं डोकं फिरलं. औषधांच्या स्लाइडवर मी म्हणत होते, "...मग औषध द्या." त्याआधीचं "आधी पेशंटला पूर्ण नाव विचारा" गायब!

"स्लाइड बदलता बदलताच तू बोलायला लागतेस," ती म्हणाली. "स्लाइड सरकत असताना आवाज रेकॉर्ड होत नाही."

वर्गात मी हेच करते. पोरींना जांभई द्यायला फुरसत नको म्हणून.

"जाऊ दे वहिनी, स्लाइडवर लिहिलंय की. घसा बघ तुझा."

"लिहिलेलं कोण वाचतंय? लाव पुन्हा."

"हट्टी आहेस. बरं, स्लाइड पूर्ण दिसू दे, मग बोल. संपलं की तिथंच थांबव. पुढं गेलीस तर पुढच्या स्लाइडवरचं चांगलं बोलणं पुसलं जाईल."

घसा सोलवटून निघत होता. स्लाइड स्थिर झाली. मी श्वास घेतला आणि वॉर्डात दटावते तसंच म्हटलं, "आधी पेशंटला पूर्ण नाव विचारा, मग औषध द्या." तिथंच थांबवलं. नणंदेनं व्हिडिओ नव्यानं काढून साइटवर चढवला.

काही दिवसांनी मी गळ्याला पट्टी बांधून वॉर्डात गेले. बोलायची सक्त मनाई होती. एक नवी नर्स गोळी घेऊन घाईघाईनं एका आजोबांकडे निघाली. नाव विचारायच्या बेतात दिसेना! ओरडावंसं वाटलं, पण तोंडातून हवासुद्धा निघेना. मी पलंगांमधून धावले.

आजोबांनी हात पुढे केला. तिनं गोळीची मूठ मिटली. स्वतःशीच, अगदी माझ्या दटावणीच्या सुरात, पुटपुटली, "आधी नाव." मग मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, पूर्ण नाव सांगा तुमचं."

मी तिथंच उभी राहिले आणि रडले. माझा आवाज वॉर्डात कामावर हजर होता.